दुसऱ्या दिवशी दुखणारे स्नायू: कारणमीमांसा बदलत गेली, उपाय मात्र टिकून राहिले

फार चालणे झाले किंवा बऱ्याच दिवसांनी जोराचा व्यायाम झाला, की ‘पाय आंबले’ असे मराठीत सहज म्हटले जाते. या शब्दप्रयोगाचा रसायनशास्त्राशी काही संबंध नाही, तरीही विसाव्या शतकातील बराच काळ या दुखण्याचे जे स्पष्टीकरण सर्वमान्य होते ते जवळजवळ शब्दशः हेच होते: श्रम करताना स्नायूत आम्ल साठते आणि तेच दुसऱ्या दिवशी ठणकते. हे स्पष्टीकरण आज टिकलेले नाही. बर्फाच्या पाण्यात बसणे आणि फोम रोलर या फोमच्या दंडगोलावर स्नायू लाटणे या दोन उपायांबद्दलचा गोंधळ समजून घ्यायचा असेल, तर दुखण्याचे कारण कसकसे बदलत गेले हे आधी पाहावे लागते, कारण दोन्ही उपायांमागचा युक्तिवाद जुन्या कारणांवर उभा आहे.

या दुखण्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी केला आणि तो 1902 मध्ये प्रसिद्ध झाला. बोटाने वारंवार ओढ घेण्याचे काम मोजणारे अर्गोग्राफ नावाचे यंत्र वापरताना त्यांना दुखण्याचे दोन वेगळे प्रकार दिसले. एक काम चालू असतानाच येणारे आणि थांबल्यावर लवकर ओसरणारे, तर दुसरे काही तासांनी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी वाढणारे. हा दुसरा प्रकार थकव्याच्या प्रमाणात येत नव्हता, तर स्नायूवर किती ताण आला याच्याशी जुळत होता. त्यावरून स्नायूच्या आतच सूक्ष्म फाटाफूट होत असावी, असा निष्कर्ष हफ यांनी काढला. मात्र पुढच्या दोन दशकांत स्नायू आणि लॅक्टिक आम्ल यांच्या संबंधावर मोठे संशोधन झाले, त्यासाठी 1922 चे नोबेल पारितोषिकही दिले गेले, आणि थकव्याची ही रासायनिक कथा दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यालाही चिकटली.

ती चिकटू नये असा पुरावा तुलनेने लवकर मिळाला होता. डेन्मार्कचे एर्लिंग आस्मुसेन यांनी 1950 च्या दशकात केलेला एक प्रयोग इतका साधा आहे की तो कोणालाही घरी करून पाहता येईल. उंच पायरीवर चढायचे ते नेहमी एकाच पायाने, आणि उतरायचे ते नेहमी दुसऱ्या पायाच्या आधाराने. चढणारा पाय शरीराचे वजन वर उचलतो, म्हणून तोच अधिक थकतो आणि अधिक ऊर्जा खर्च करतो. उतरताना भार पेलणारा पाय त्या मानाने स्वस्तात सुटतो, पण दुसऱ्या दिवशी दुखतो तो हाच पाय. कारण खाली येताना मांडीचा स्नायू ताणाखाली असूनही आखडत नाही, तर लांबत जातो आणि लांबता लांबता वजनाला लगाम घालतो. उतारावरून धावणे, बैठकेत खाली जाणे, वजन हळूहळू खाली आणणे या सगळ्यांत हीच क्रिया असते.

लॅक्टिक आम्लावरचा निर्णायक घाव 1983 मध्ये जेम्स श्वेन आणि सहकाऱ्यांनी घातला. त्यांनी सात जणांना ट्रेडमिलवर 45 मिनिटे धावायला लावले, एकदा सपाट पट्ट्यावर आणि एकदा दहा टक्के उतारावर. सपाट धावताना रक्तातील लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचे शरीरातील रूप, वाढले, पण पुढच्या दिवसांत दुखणे आले नाही. उतारावर लॅक्टेट वाढले नाही, आणि दुखणे मात्र चांगलेच आले. शिवाय श्रमानंतर वाढलेले लॅक्टेट तासा-दीड तासात मूळ पातळीवर येते, त्यामुळे 48 तासांनंतरच्या ठणक्याचे खापर त्याच्यावर फोडणे काळाच्या हिशेबातही बसत नाही. एवढे असूनही ‘आम्ल बाहेर काढण्यासाठी’ अमुक करा, हा सल्ला आजही ऐकू येतो.

त्याच सुमारास, 1981 मध्ये, यान फ्रिडेन आणि सहकाऱ्यांनी पुन्हापुन्हा जिने उतरलेल्या माणसांच्या स्नायूंचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्नायुतंतूंमधील लहान लहान एककांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या काही ठिकाणी विस्कटलेल्या होत्या. हफ यांची जुनी कल्पना अशा रीतीने परत आली, आणि फाटाफूट, मग दाह, मग वेदना अशी साखळी पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. तीही पूर्ण खरी नाही. इजेची मोजमापे आणि दुखण्याची तीव्रता एकमेकांशी नीट जुळत नाहीत, हे पुढे अनेकदा दिसले. जपानमध्ये काझुए मिझुमुरा यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांत स्नायूत डोळ्यांना दिसेल अशी इजा नसतानाही तो दाबाला हळवा झालेला आढळला. ब्रॅडिकायनिन या शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्याचा परिणाम रोखणारे औषध व्यायामाआधी दिले तर हळवेपणा येत नव्हता. दोन दिवसांनी दिले तर त्याचा उपयोग होत नव्हता. दरम्यान स्नायूत चेतातंतूंच्या वाढीला चालना देणारे एक प्रथिन वाढलेले असे आणि तेच वेदनेच्या चेतातंतूंना संवेदनशील करत असे. दुखणे उशिरा का येते याचा एक समाधानकारक धागा इथे मिळतो: स्नायूवरील ताण हा केवळ आरंभ असतो, आणि वेदनेची तार ताणली जायला त्यानंतर काही तास लागतात.

आता बर्फाकडे वळू. मुरगळलेल्या घोट्यासारख्या इजेसाठी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणे हे चार शब्दांचे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये रूढ केले. दाह म्हणजे नुकसान आणि थंडी म्हणजे दाहावर उतारा, हा त्यामागचा तर्क होता. तोच तर्क घोट्यावरून सगळ्या पायांवर आणि इजेवरून रोजच्या सरावावर पसरला, आणि नामवंत धावपटू बर्फाच्या पाण्यात बसताना दिसू लागल्यावर त्याला वेगळ्या पुराव्याची गरज उरली नाही. पुढे 2014 मध्ये मर्किन यांनी स्वतःच बर्फामुळे भरून येण्याची प्रक्रिया लांबू शकते असे लिहिले, पण सूत्र तोवर त्यांच्या हातातून सुटलेले होते.

चाचण्या काय सांगतात? वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात 17 लहान चाचण्या आणि एकूण 366 सहभागी होते. नुसत्या विश्रांतीच्या तुलनेत थंड पाण्यात बसल्याने पुढच्या एक ते चार दिवसांत दुखणे कमी सांगितले गेले. अडचण अशी की आपण थंड पाण्यात बसलो आहोत की नाही हे कोणाही सहभागीपासून लपवता येत नाही, आणि दुखणे मोजले जाते ते त्याच माणसाच्या सांगण्यावरून. फायद्याबद्दलची खात्री मनात असेल, तर ती आकड्यांतही उतरते.

ही अडचण मेलबर्नमधील जेम्स ब्रोच आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये फार कल्पकतेने हाताळली. तीव्र स्प्रिंट व्यायामानंतर तीस पुरुषांचे तीन गट केले. पहिला गट 15 मिनिटे सुमारे 10 अंश सेल्सियसच्या पाण्यात बसला, तर दुसरा त्वचेच्या तापमानाच्या जवळपास असलेल्या कोमट पाण्यात. तिसऱ्या गटाच्या कोमट पाण्यात सर्वांच्या देखत एक ‘पूर्ववत होण्यास मदत करणारे तेल’ ओतले गेले आणि त्याचे गुण समजावून सांगितले गेले. प्रत्यक्षात ते त्वचा स्वच्छ करण्याचे साधे द्रव होते. पुढच्या दोन दिवसांत पायांची ताकद परत येण्याच्या बाबतीत तेलाचा गट बर्फाच्या गटाच्या बरोबरीने राहिला, आणि नुसत्या कोमट पाण्याचा गट मागे पडला. याचा अर्थ बर्फ काहीच करत नाही असा नव्हे. थंडीने चेतासंदेशांचा वेग मंदावतो आणि बधिरपणा खराच येतो. पण तेवढ्या बधिरपणापलीकडच्या फायद्याचा मोठा वाटा विश्वासाचा असू शकतो, हे या प्रयोगानंतर नाकारता येत नाही. पाणी जितके थंड तितका गुण अधिक, या समजालाही आधार नाही. 2007 मध्ये 5 अंशांच्या पाण्यात तीन वेळा एक-एक मिनिट बसवून केलेल्या चाचणीत 24 अंशांच्या पाण्याच्या तुलनेत काही लाभ दिसला नाही, उलट दुसऱ्या दिवशी खुर्चीवरून उठताना बर्फवाल्यांना अधिक दुखले.

दाह शमवण्याचा मूळ दावाही पुढे डळमळला. जोनाथन पीक यांच्या गटाने 2017 मध्ये ताकदीच्या व्यायामानंतर स्नायूंचे नमुने घेतले, तेव्हा थंड पाणी आणि हलके सायकल चालवणे यांत दाहाच्या खुणांमध्ये लक्षणीय फरक नव्हता. त्याआधी, 2015 मध्ये, लिऑन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 12 आठवडे चाललेल्या सरावात प्रत्येक सत्रानंतर 10 मिनिटे थंड पाण्यात बसणाऱ्यांची ताकद आणि स्नायूंचे आकारमान हलके सायकल चालवणाऱ्यांपेक्षा कमी वाढल्याचे दाखवले होते. माझ्या मते यावरून निघणारा व्यवहार सरळ आहे. दोन दिवसांत पुन्हा सामना असेल आणि आज फक्त पाय हलके वाटायला हवे असतील, तर 10 ते 15 अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसायला हरकत नाही. ताकद कमावण्याच्या महिन्यांत मात्र प्रत्येक सत्रानंतर बर्फात उतरणे म्हणजे सरावाची कमाई स्वतःच कमी करणे होय.

फोम रोलरचा इतिहास आखूड आहे. व्यायामशाळांमध्ये तो या शतकाच्या सुरुवातीला पसरला, आणि त्याच्यासोबत स्नायूंवरील आवरणात चिकटलेल्या ‘गाठी मोडणे’ ही कल्पना आली. मांडीच्या बाहेरील जाड आवरणाचा आकार टिकाऊपणे बदलायला लागणारा जोर रोलरच्या आवाक्याबाहेरचा आहे, असे गणित 2008 मध्येच मांडले गेले होते. तरीही रोलरने बरे वाटते, आणि का वाटते याचा माग 2014 च्या एका डॅनिश चाचणीत लागतो. मांडीच्या मागच्या स्नायूंना मुद्दाम दुखावेल असा व्यायाम 22 पुरुषांकडून करून घेऊन, 48 तासांनी एकाच पायाला दहा मिनिटे रोलरने मालिश केले. दुखणे त्या पायात कमी झाले, पण दुसऱ्या, हात न लावलेल्या पायातही दाब सहन करण्याची क्षमता वाढली, आणि तासाभरात परिणाम जवळजवळ विरला. गाठी मोडल्या असत्या तर दुसऱ्या पायाला लाभ होण्याचे कारण नव्हते. बदल घडला तो मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेला किती वाट देतात यात.

कॅनडात झालेल्या 2015 च्या एका अभ्यासात आठ जणांनी बैठकांचे दहा-दहाचे दहा संच केल्यानंतर आणि पुढचे दिवस वीस-वीस मिनिटे रोलर वापरला, तेव्हा हळवेपणा कमी झाला आणि धावण्या-उडी मारण्यातील घटही थोडी सावरली. मात्र 2019 च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणाने असे परिणाम एकंदरीत लहान, काही बाबतींत नगण्य ठरवले. सरावाआधी काही मिनिटे रोलर फिरवून ताठरपणा कमी करणे हा त्याचा योग्य उपयोग म्हणता येईल. जोराने दाबून त्वचेवर निळे डाग उमटवण्यात काही अर्थ नाही.

यातील कोणताही उपाय एका गोष्टीशी बरोबरी करू शकत नाही: तोच व्यायाम आधी एकदा झालेला असणे. उतारावरची पहिली धाव पाय धरून बसवते, तर काही आठवड्यांनी घेतलेली तेवढीच धाव कितीतरी कमी दुखवते, आणि हे संरक्षण काही वेळा महिनोन्महिने टिकते. नव्या व्यायामाचा पहिला दिवस निम्म्या संचांवर थांबवला तरीही त्याचा बराच भाग मिळतो. सामान्य दुखणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोचते आणि आठवड्याभरात जाते. व्यायाम करतानाच एका क्षणी कळ आली असेल, तर ते हे दुखणे नव्हे. आणि स्नायू टणक सुजून लघवी गडद चहासारखी होत असेल, तर स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येत असल्याची ती खूण असते. तेव्हा बर्फ आणि रोलर दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.