कागदी टोपी उलगडली की: तिरकस उंची आणि पाकळीचा कोन

वाढदिवसाची टोकदार टोपी काठापासून टोकापर्यंत सरळ रेषेत कापा आणि टेबलावर पसरा. समोर येते ती वर्तुळपाकळी: दोन सरळ कडा आणि त्यांना जोडणारा एक कंस. या पाकळीला मोजण्यासारख्या गोष्टी दोनच, सरळ कडेची लांबी आणि दोन कडांमधला कोन. कडेची लांबी म्हणजे टोपीची तिरकस उंची. कोनाला शाळेत केंद्रीय कोन म्हणतात, आपण पाकळीचा कोन म्हणू. टोपी बिघडते ती बहुतेक वेळा या दोघांची कामं एकमेकांवर ढकलल्यामुळे. टोपी उंच हवी म्हणून कोणी फक्त त्रिज्या वाढवतो, टोपी टोकदार हवी म्हणून कोणी टोपीच्या टोकाचा कोन मोजून तोच कागदावर काढतो. दोन्ही टोप्या डोक्यावर बसत नाहीत.

आधी तिरकस उंची. टोपीच्या टोकावर बोट ठेवून बाहेरच्या अंगाने सरळ काठापर्यंत खाली आलात की जे अंतर होतं, ते हे. काठावरचा कुठलाही बिंदू घ्या, अंतर तेवढंच भरतं. कागद ताणला जात नाही, म्हणून टोपी उलगडल्यावरही या अंतरात मिलिमीटरचाही फरक पडत नाही. टोकापासून सारख्याच अंतरावर असलेले हे बिंदू सपाट कागदावर वर्तुळाचा कंस होतात, आणि तिरकस उंची होते त्या वर्तुळाची त्रिज्या. लंब उंचीचं तसं नाही. टोपी टेबलावर उभी ठेवली की टोकापासून टेबलापर्यंत सरळ खाली जे अंतर असतं ते टोपीच्या आतल्या हवेत असतं. पसरलेल्या कागदावर ते दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही, कारण तिथे ती रेषाच नाही. पट्टी टेकवून मोजता येते ती तिरकस उंची, लंब उंची हिशेबाने काढावी लागते.

कोनाचं याच्या बरोबर उलट आहे. पाकळीचा कोन पसरलेल्या कागदावर ढळढळीत दिसतो आणि टोपी वळली की दिसेनासा होतो. टोपीच्या टोकाशी बाजूने पाहिल्यावर जो कोन दिसतो तो वेगळाच असतो. एकाच टोपीचे तीन अवतार मोजले तर घोळ कुठे होतो ते कळतं. तिरकस उंची १८ सेमी आणि तळाचा व्यास १२ सेमी असलेली टोपी घेऊ. ती नीट गोल उभी असताना बाजूने टोकाशी साधारण ३९ अंशांचा कोन दिसतो. तीच टोपी न कापता हाताने दाबून चपटी केली तर टोकाशी ६० अंश भरतात. कापून उलगडली तर १२० अंश. चपट्या टोपीत कागद दुहेरी असतो, त्यामुळे ६० हे १२०चे निम्मे, यात गूढ काही नाही. पण ३९चा १२०शी असा सरळ गुणाकाराचा संबंध नाही. फोटोतल्या टोपीवर कोनमापक ठेवून ३९ अंशांची पाकळी कापलीत, तर हातात येईल जेमतेम ४ सेमी व्यासाची सुरळी.

मग १२० आले कुठून? टोकाभोवती रेघा मारून पाहिलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. सपाट कागदावर एका बिंदूपासून १८ सेमी अंतरावर वर्तुळ काढलं तर त्याचा परीघ सुमारे ११३ सेमी होतो. आपल्या टोपीवर टोकापासून तेवढंच अंतर खाली आलो की काठ लागतो, आणि काठाचा घेर आहे ३७.७ सेमी. म्हणजे पूर्ण वर्तुळाचा एक तृतीयांश. टोकापासून फक्त ३ सेमीवर रेघ ओढली तरी हेच: सपाट कागदावर १८.८ सेमी, टोपीवर ६.३ सेमी, पुन्हा एक तृतीयांश. टोकाभोवती जेवढा कागद असायला हवा त्याचा एक तृतीयांशच टोपीत आहे, म्हणून ३६० अंशांचाही एक तृतीयांश. दोन्ही घेरांत २ × π सारखाच असल्याने तो उडून जातो आणि उरतं ते हे:

पाकळीचा कोन = ३६० × तळाची त्रिज्या ÷ तिरकस उंची

इथे ३६० × ६ ÷ १८ = १२०. या सूत्रात लंब उंची कुठेच नाही हे लक्षात घ्या, तिला कोनाच्या हिशेबात जागा नाही. आणि कोन ठरतो तो दोन लांबींच्या गुणोत्तरावर, म्हणून एकटा कोन टोपीचा फक्त आकार सांगतो, माप सांगत नाही. १२० अंशांची बोटाएवढी टोपी आणि १२० अंशांची माणसाएवढी टोपी सारख्याच टोकदार असतात. अर्धवर्तुळ, म्हणजे १८० अंशांची पाकळी वळलीत की बाजूने बरोबर ६० अंशांचं टोक दिसतं, मग त्रिज्या काहीही असो. ३६० अंशांकडे जाऊ लागलात तर टोपी बसकी होत होत शेवटी सपाट चकती उरते, कारण तेव्हा तळाची त्रिज्या आणि तिरकस उंची एकच होतात.

शाळेतला गोंधळ मात्र अक्षरापासूनच सुरू होतो, असं माझं मत आहे. कंसाच्या सूत्रात r ही पाकळीची त्रिज्या असते, शंकूच्या सूत्रात r ही तळाची. ‘२१ सेमी त्रिज्येच्या, १२० अंशांच्या पाकळीपासून शंकू केला, तर घनफळ काढा’ असं उदाहरण आलं की २१ थेट शंकूच्या सूत्रात जाऊन बसतात. खरं तर २१ ही तिरकस उंची झाली, तळाची त्रिज्या ७ आणि लंब उंची सुमारे १९.८ सेमी. चुकीच्या उत्तरात शंकूचा तळ मूळ कागदापेक्षाही मोठा निघतो. एवढं पाहिलं तरी चूक पकडता येते.

आता प्रत्यक्ष कापू. आपली १८ सेमी, १२० अंशांची पाकळी ए-फोर कागदात बसते का? कागद २९.७ बाय २१ सेमी. पाकळी सरळ मधोमध, पंख्यासारखी दोन्हीकडे सारखी ठेवली तर तिच्या दोन टोकांमधलं अंतर ३१.२ सेमी होतं, म्हणजे बसत नाही. पण एक सरळ कड कागदाच्या लांब बाजूला समांतर ठेवली, तर पाकळी फक्त २७ सेमी रुंद आणि १८ सेमी उंच जागा घेते. कागद आडवा ठेवा आणि टोकाचा बिंदू डावीकडून १० सेमी, खालून २ सेमीवर घ्या. तिथून उजवीकडे १८ सेमीची आडवी रेघ मारा, ही पहिली कड. कंपास पेटीतला कंपास १८ सेमी उघडेलच असं नाही, तेव्हा टाचणी आणि न ताणणारा दोरा वापरून कंस काढा. कोनासाठी कोनमापकही नको: पहिल्या कडेच्या बाहेरच्या टोकापासून कंसावर १८ सेमीची पट्टी तिरपी टेकवून खूण करा, त्या खुणेपासून पुन्हा तसंच. प्रत्येक खेपेला ६० अंश होतात, दोनदा केलं की १२०. दुसरी कड डावीकडे वर जाते आणि कागदाच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत थांबते.

आडव्या रेघेखाली जी २ सेमी जागा ठेवली ती गोंदाच्या पट्टीसाठी. दीड सेमी रुंदीची पट्टी कडेला लागूनच, पण पाकळीच्या बाहेर काढायची आणि टोकाकडे निमुळती करायची, नाहीतर टोकाशी कागदाचा गठ्ठा होतो. ही पट्टी १२० अंशांच्या आतूनच घेतली तर काठाचा घेर दीड सेंटिमीटरने आवळतो. पाच अंश वाढवून काम भागवणारेही असतात. काठाशी ते चालून जातं, कारण तिथे पाच अंश म्हणजे दीड सेमीच, पण टोकाच्या जवळ चिकटवायला काहीच उरत नाही आणि टोक उघडं राहतं.

माप चुकलं तर कोणतं चुकलं हे तयार टोपी पाहूनही ओळखता येतं. समजा कोन चुकून १३० अंश झाला आणि त्रिज्या १८च राहिली. घेर ४०.८ सेमी होतो, म्हणजे टोपी ३ सेंटिमीटरने सैल. उंची मात्र १७.० वरून १६.८ वर येते, जी कोणाच्या लक्षातही येणार नाही. आता दुसरी चूक: टोपी १७ सेमी उंच हवी म्हणून लंब उंचीच तिरकस समजून त्रिज्या १७ घेतली आणि सूत्रातून कोन काढला, १२७ अंश. घेर बरोबर ३७.७ येतो आणि टोपी डोक्यावर छान बसते. फक्त उंची १५.९ भरते. ही चूक लबाड आहे, बसण्यात कळत नाही, शेजारी दुसरी टोपी ठेवल्यावर कळते.

सगळ्यात वाईट अवस्था उंच टोपी करताना होते. तीच टोपी ऐटबाज दिसावी म्हणून त्रिज्या १८ची २५ सेमी केली आणि कोन १२०च ठेवला, तर आकार तोच राहून सगळंच मोठं होतं. घेर ५२ सेमीच्या वर जातो आणि टोपी मुलाच्या डोळ्यांवर उतरते. घेर तोच ठेवायचा तर कोन ३६० × ६ ÷ २५, म्हणजे ८६.४ अंशांवर आणावा लागतो. तेव्हा टोपी सुमारे २४ सेमी उंच होते आणि खरोखर जास्त टोकदारही दिसते. घेर राखून तिरकस उंची वाढवली की कोन कमी करावाच लागतो. असा अडनिडा कोन कोनमापकाने लावण्यापेक्षा ३७.७ सेमीचा दोरा कंसावर खुणेपासून ठेवत न्यावा. दोरा जिथे संपेल तिथे दुसरी कड. कोनमापकाची एका अंशाची चूक २५ सेमीवर साडेचार मिलिमीटर होते, दोऱ्याची तेवढी होत नाही.

आवडलेल्या टोपीची नक्कल करायची असेल तर ती कापायचीही गरज नाही. दोऱ्याने काठाचा घेर मोजा, पट्टीने टोकापासून काठापर्यंतची तिरकस उंची मोजा, घेराला उंचीने भागा आणि ५७.३ने गुणा. आपल्या टोपीसाठी ३७.७ ÷ १८ × ५७.३, उत्तर १२०. घेर मोजताना टोपी दाबली जाऊन लंबगोल झाली तरी काही बिघडत नाही, घेर तेवढाच राहतो. व्यास मोजायला गेलात तर मात्र फसाल.