अजेंडा मेल (मीटिंगच्या आदल्या दिवशीचा)

ऑफिसात मीटिंगच्या एक दिवस आधी, ज्याने मीटिंग बोलावली त्याने सगळ्यांना पाठवायचा छोटा मेल म्हणजे अजेंडा मेल. त्यात तीन गोष्टी असतात, मीटिंग कशासाठी आहे, येण्याआधी काय वाचून यायचं आणि उठायच्या आत काय ठरलं पाहिजे. सहकारी संस्थांमध्ये ह्यालाच विषयपत्रिका म्हणतात आणि तिच्या शेवटी हमखास "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" अशी ओळ असते, पण विषयपत्रिकेत नुसते विषय असतात, अजेंडा मेलमध्ये त्या विषयावर काय ठरवायचंय ते पण लिहिलेलं असतं, खरा फरक इथेच आहे.

म्हणून मेल लिहायला बसलं की सुरुवात शेवटापासून करावी, म्हणजे आधी निर्णय लिहायचा. "लाँचबद्दल चर्चा" हा निर्णय नाही, त्यावर तासभर बोलून सगळे चहाला जाऊ शकतात. "लाँच दिवाळीआधी की दिवाळीनंतर?" हा निर्णय, कारण ह्याला उत्तर द्यावंच लागतं. निर्णय प्रश्नाच्या रूपात जमत नसेल तर बहुतेक वेळा मीटिंगची गरजच नसते, नुसती माहिती कळवायची असते आणि ती मेलवर कळवता येते.

उदाहरण म्हणून पुण्यातली एक सॉफ्टवेअर टीम घेऊ. पेमेंटचं नवीन पान तयार आहे, पण रिफंडचं टेस्टिंग अर्धं राहिलंय, आणि गुरुवारी ४५ मिनिटांची मीटिंग आहे. बुधवारी दुपारी १२ च्या आत गेलेला मेल साधारण असा असेल:

"विषय: उद्या गुरुवार, दु. ४: पेमेंट पान दिवाळीआधी लाँच करायचं का?

उद्देश: लाँचची तारीख पक्की करणे. डिझाईनवर उद्या बोलायचं नाहीये.

वाचून यायचं: सोबतची २ पानी नोट, १० मिनिटं लागतील. वेळ नसेल तर निदान पान २ वरचा रिफंडचा तक्ता बघा.

निर्णय: १) दिवाळीआधी की नंतर? ठरवणार प्रॉडक्ट हेड, टेस्टिंग लीडचं मत आधी ऐकून. २) आधी करायचं असेल तर टेस्टिंगला अजून दोन जण कोणत्या टीममधून घ्यायचे?

माझं मत: नंतर करावं. कोणाला पटत नसेल तर आजच कळवा."

ह्यातली "ठरवणार कोण" ही ओळ लोक सर्रास गाळतात, साहेबाचं नाव असं उघड लिहायचा संकोच वाटतो म्हणून, आणि मग मीटिंगमध्ये आठ जण आपापलं मत देतात आणि शेवटी "सरांना विचारून सांगतो" वर गाडी थांबते. सर त्या दिवशी येणार नसतील तर ते ही ओळ लिहितानाच लक्षात येतं आणि मीटिंग पुढे ढकलता येते.

वाचायच्या मजकुराचं मात्र नाजूक असतं. एका दिवसाच्या मुदतीत दोन-तीन पानं लोक वाचतात, ३८ स्लाइडची फाईल जोडली तर कोणी उघडत पण नाही, तिथे कुठलं पान वाचायचं ते सांगावंच लागतं. लिंक दिली असेल तर परवानगी तपासायची, नाहीतर रात्री निवांत वाचायला बसलेल्या माणसाला "ॲक्सेस मागा" दिसतं, तुम्ही ती परवानगी सकाळी देता तोवर त्याची वाचायची वेळ गेलेली असते. ॲमेझॉनने ह्यावर वेगळाच उपाय केला, तिथे सहा पानांपर्यंतची नोट आधी वाचून या म्हणत नाहीत, मीटिंगच्या सुरुवातीलाच सगळे गप्प बसून वाचतात. वाचनाची सवयच नसलेल्या टीमला हे जास्त जमतं, पण ती वेळ मीटिंगमधूनच जाते.

मेल वाचला गेला की नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. "आज नेमकं काय ठरवायचंय?" असं कोणी विचारलं किंवा तुम्हाला नोट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली, तर मेल उशिरा गेला होता किंवा फार लांबलचक होता. संध्याकाळी सात वाजता पाठवलेला मेल आदल्या दिवशीचा धरूच नये. टीममधलं कोणी न्यूयॉर्कला असेल तर अजून जपावं लागतं, उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात, म्हणजे आपली दुपारी ४ ची मीटिंग त्यांची सकाळी ६:३० ची, आणि वाचन त्यांच्या आदल्या संध्याकाळीच व्हायला हवं.

कायद्याने लागणारी नोटीस ह्या मेलने भागत नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे संचालक मंडळाच्या बैठकीला साधारणपणे किमान ७ दिवस आधी नोटीस लागते, सर्वसाधारण सभेला पूर्ण २१ दिवस, तिथे आदल्या दिवशीचा मेल फार तर आठवण म्हणून जातो आणि त्यात नवीन निर्णय घुसवू नये. कोणाचा पगार, तक्रार किंवा कामावरून काढणं असे विषय तर सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये लिहूच नयेत, त्या माणसाशी समोरासमोर बोलावं.