निविदा मूल्यांकन अहवाल (इमारत व्यवस्थापन प्रणालीच्या तीन निविदांची तुलना)

एखाद्या कामासाठी आलेल्या निविदा तांत्रिक पात्रता आणि खर्च या दोन कसोट्यांवर तपासून कोणती स्वीकारावी याची सकारण शिफारस करणाऱ्या लेखी दस्तऐवजास निविदा मूल्यांकन अहवाल म्हणतात. निविदा समिती तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करते. पुढे लेखापरीक्षण झाले किंवा एखादा निविदाकार न्यायालयात गेला, तर निर्णयाचा आधार म्हणून प्रथम हाच दस्तऐवज पाहिला जातो. प्रस्तुत नोंद इमारत व्यवस्थापन प्रणालीच्या (बीएमएस) खरेदीपुरती मर्यादित आहे. वातानुकूलन, पंप, वीजपुरवठा, पाण्याच्या टाक्या यांवर संवेदक आणि नियंत्रक बसवून त्यांचे निरीक्षण व नियमन एका ठिकाणाहून करणारी ही यंत्रणा असते. तिच्यात यंत्रसामग्री, आज्ञावली आणि अनेक वर्षांची देखभाल एकत्र विकली जात असल्यामुळे निव्वळ दरांच्या तुलनात्मक तक्त्यावरून तिच्याविषयी निर्णय घेणे अवघड असते.

पद्धतीचा उगम : गुणवत्ता आणि किंमत यांना ठरावीक भार देऊन एकत्रित गुण काढण्याची पद्धत नेमकी कोठे सुरू झाली याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तिचे मूळ अमेरिकेतील संघीय खरेदीत शोधतात आणि १९७२ च्या ब्रूक्स कायद्याकडे बोट दाखवतात. तथापि त्या कायद्याने वास्तुविशारद व अभियंत्यांची निवड आधी गुणवत्तेवर करून मोबदला नंतर ठरवण्याची व्यवस्था केली. किंमत आणि गुणवत्ता यांची बेरीज त्यात नाही. त्यामुळे आजच्या पद्धतीचे जवळचे मूळ जागतिक बँकेच्या सल्लागार निवडीच्या १९९७ च्या मार्गदर्शक सूत्रांत मानणे अधिक सयुक्तिक दिसते. गुणवत्ता व खर्च यांवर आधारित निवड हे नाव व्यापक प्रमाणावर रूढ झाले ते बहुधा त्यांमुळेच. भारतात केंद्र शासनाचे सामान्य वित्तीय नियम १९४७ मध्ये प्रथम निघाले आणि १९६३, २००५ व २०१७ मध्ये त्यांची पुनर्रचना झाली. २०१७ च्या नियमांत ही पद्धत मुख्यतः सल्लासेवांसाठी होती. बांधकामे आणि सल्लासेवेतर सेवा यांसाठी ती काही अटींवर खुली झाली ती वित्त मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सर्वसाधारण सूचनांनी. किंमतेतर घटकांचा भार कोणत्याही परिस्थितीत ३० टक्क्यांहून अधिक नसावा, अशी मर्यादाही त्या सूचनांनीच घातली.

तांत्रिक तपासणी : दोन लिफाफा पद्धतीत तांत्रिक लिफाफा आधी उघडला जातो आणि त्याचे गुणदान पूर्ण होईपर्यंत दराचा लिफाफा बंद राहतो. इमारत व्यवस्थापन प्रणालीच्या बाबतीत तपासणीचा आरंभ पॉइंट तक्त्यापासून करावा लागतो. प्रत्येक संवेदक, झडप किंवा पंपाची सुरू-बंद स्थिती म्हणजे एक पॉइंट. तो आदान आहे की प्रदान, सतत बदलणारे मूल्य दाखवतो की केवळ दोन स्थिती, हे तक्त्यात नोंदलेले असते. वातानुकूलनासाठी पाणी थंड करणाऱ्या चिलरसारख्या यंत्राकडून संदेशवहनाने मिळणारी मूल्ये काही निविदाकार याच संख्येत मिसळतात. त्यामुळे १,२०० पॉइंटांची मागणी कागदावर पूर्ण झालेली दिसते, पण प्रत्यक्ष तारा जोडण्याच्या जागा बऱ्याच कमी भरतात. निविदेत २० टक्के शिल्लक क्षमता मागितली असेल, तर ती प्रत्येक नियंत्रकावर दिली आहे की साऱ्या इमारतीची मिळून, हेही पाहावे लागते. तळघरातील पंपासाठी लागणारी जागा गच्चीवरच्या नियंत्रकात मोकळी असून उपयोग नसतो.

सर्वाधिक वाद होतो तो संदेशप्रणालीवरून, म्हणजे उपकरणे एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिच्यावरून. बॅकनेट या मुक्त संदेशप्रणालीचे काम ॲश्रे या अमेरिकन अभियंता संस्थेच्या समितीने १९८७ मध्ये हाती घेतले. ती १९९५ मध्ये मानक १३५ म्हणून प्रसिद्ध झाली आणि २००३ मध्ये आयएसओ १६४८४ मालिकेचा पाचवा भाग म्हणून आंतरराष्ट्रीय मानक ठरली. एका उत्पादकाचे नियंत्रक दुसऱ्याच्या संगणक-आज्ञावलीशी बोलावेत, म्हणजे मालक एकाच पुरवठादाराला कायमचा बांधला जाऊ नये, हा तिचा हेतू आहे. परंतु ‘बॅकनेट सुसंगत’ या शब्दांखाली दोन फार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत नियंत्रक स्वतःच बॅकनेट बोलतो. दुसरीत नियंत्रक उत्पादकाची खाजगी संदेशप्रणाली वापरतो आणि वरच्या पातळीवर एक गेटवे तिचे भाषांतर करतो. दुसऱ्या रचनेत गेटवे बंद पडला की त्याखालचे सर्व पॉइंट मध्यवर्ती पडद्यावरून एकदम नाहीसे होतात, आणि नवा नियंत्रक बसवायचा तर मूळ उत्पादकाकडेच जावे लागते.

हा फरक माहितीपत्रकावरून कळत नाही. प्रत्येक उपकरणासाठी उत्पादक जे सुसंगती विधान देतो त्यात ते कोणत्या सेवा पुरवते हे लिहिलेले असते, आणि बॅकनेट चाचणी प्रयोगशाळांच्या यादीत प्रमाणित उपकरणे सापडतात. या यादीत कंपनीचे नाव सापडणे पुरेसे नाही. देऊ केलेला नेमका नमुना आणि त्यातील आज्ञावलीची आवृत्ती जुळली पाहिजे. त्याहून खात्रीचा मार्ग प्रात्यक्षिकाचा आहे. देऊ केलेला नियंत्रक मेजावर मांडून, तिसऱ्याच कोणाच्या बॅकनेट शोधक आज्ञावलीने जाळ्यावर हाक दिली असता (या संदेशांसाठी बहुधा ४७८०८ हे पोर्ट वापरले जाते) नियंत्रकाने स्वतःच्या नावाने उत्तर द्यावे आणि त्याचे पॉइंट वाचता व बदलता यावेत. गेटवेची जोडणी सोडवून हीच चाचणी पुन्हा घेतली की रचना उघड होते. नियंत्रकातील कार्यक्रम बदलण्याचे साधन आणि त्याचा परवाना मालकाच्या नावावर मिळणार आहे का, हा प्रश्नही याच वेळी लेखी विचारावा लागतो.

खर्चाची तुलना : दोष दायित्व कालावधी, म्हणजे दोष पुरवठादाराने स्वखर्चाने दूर करण्याची मुदत, संपल्यानंतरची सर्वसमावेशक देखभाल दरपत्रकात स्वतंत्रपणे मागवली जाते. तिची रक्कम भविष्यात द्यायची असल्यामुळे ती एका ठरावीक वार्षिक दराने, म्हणजे वर्तनदराने, घटवून आजच्या मूल्यात आणतात आणि मूळ किमतीत मिळवतात. या वर्तनदराचा परिणाम काय होतो हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून दिसेल. १,२०० पॉइंटांच्या एका कार्यालयीन इमारतीसाठी क, ख आणि ग यांच्या निविदा आल्या आहेत. तांत्रिक पात्रतेची किमान मर्यादा ६० गुण, तांत्रिक भार ३० टक्के आणि खर्चाचा भार ७० टक्के आहे. दोष दायित्व दोन वर्षांचे असून त्यानंतरच्या पाच वर्षांची देखभाल ८ टक्के वर्तनदराने मोजली आहे, म्हणजे वार्षिक रकमेला सुमारे ३.४२ ने गुणले आहे.

| | क | ख | ग |
|---|---|---|---|
| तांत्रिक गुण | ९० | ७३ | ६१ |
| मूळ किंमत (लाख रु.) | १९२ | १५९ | १३५ |
| वार्षिक देखभाल (लाख रु.) | ७ | १२ | १६ |
| मूल्यांकित खर्च (लाख रु.) | २१६ | २०० | १९० |
| एकूण गुण | ८८.५७ | ८८.४० | ८८.३० |

एकूण गुण = ०.३० × तांत्रिक गुण + ७० × (न्यूनतम खर्च ÷ त्या निविदेचा खर्च)

ग ची रचना गेटवेची आहे आणि त्याचे तांत्रिक गुण कमी आहेत. मूळ किमतीत क आणि ग यांच्यात ५७ लाखांचे अंतर आहे. देखभाल मिळवल्यावर ते २६ लाखांवर येते. केवळ मूळ किंमत धरली असती, तर ग ला ८८.३० आणि क ला सुमारे ७६.२ गुण मिळाले असते. देखभाल धरल्यामुळे क पहिला ठरतो.

मात्र हा क्रम फार नाजूक आहे. वर्तनदर ८ ऐवजी १० टक्के घेतला, तर दूरच्या वर्षांतील देखभालीचे वजन घटते. मग ग चे गुण ८८.३० च राहतात, पण क चे सुमारे ८७.६ आणि ख चे ८७.८ होतात, काम ग ला जाते. याउलट वर्तनदर ८ टक्केच ठेवला, पण दर उघडल्यानंतर ग चे अनुभव प्रमाणपत्र पडताळणीत खोटे ठरून तो बाद झाला, तर न्यूनतम खर्च १९० ऐवजी २०० लाख होतो. नव्या हिशेबाने क ला ९१.८१ आणि ख ला ९१.९० गुण पडतात व काम ख ला जाते. क आणि ख यांनी आपल्या निविदेतील एक अक्षरही बदललेले नाही, तरी त्यांचा आपसांतील क्रम तिसऱ्याच्या जाण्याने उलटला. खर्चाचे गुण न्यूनतम दराच्या प्रमाणात काढले जातात, म्हणून हे घडते: न्यूनतम दर वर सरकला की उरलेल्यांमधील दरांचे अंतर गुणांत अधिक ताणले जाते, तांत्रिक गुणांतील अंतर मात्र तेवढेच राहते. निवडीच्या सिद्धान्तात अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो याने १९५१ मध्ये मांडलेल्या असंबद्ध पर्यायांपासून स्वातंत्र्याच्या अटीशी, म्हणजे दोघांमधील क्रम तिसऱ्या पर्यायावर अवलंबून नसावा या अटीशी, या दोषाचे नाते जोडले जाते.

यावर दोन उपाय सुचवले जातात. एक म्हणजे गुण न्यूनतम दराऐवजी प्राक्कलित रकमेसारख्या स्थिर आकड्याच्या संदर्भात काढणे. त्यामुळे क्रम उलटण्याचा दोष जातो, पण प्राक्कलन जुने असले तर त्याची चूक गुणांत उतरते. दुसरा म्हणजे नियंत्रकाने स्वतः बॅकनेट बोलणे, परवाना मालकाच्या नावावर असणे, अशा गोष्टींना गुण न देता त्या अनिवार्य अटी करणे आणि अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी मूल्यांकित खर्च सर्वांत कमी असलेल्याला काम देणे. या प्रकारच्या यंत्रणेसाठी दुसरा उपाय अधिक योग्य वाटतो, कारण येथील बहुतेक निर्णायक तांत्रिक प्रश्नांची उत्तरे होय किंवा नाही अशीच असतात. वरील उदाहरणात ख या अटी पूर्ण करत असेल, तर ग सहभागी असो वा नसो, काम त्यालाच जाते.

अहवालातील नोंदी : वर्तनदर, देखभालीची वर्षे, गुणांचे सूत्र आणि एखादा निविदाकार नंतर बाद झाल्यास फेरगणना करावयाची की नाही, या चारही गोष्टी निविदा सूचनेतच असाव्या लागतात, लिफाफे उघडल्यावर त्यांतील एकही ठरवता येत नाही. निविदाकाराने एखादी बाब गाळली असेल, तर तिची किंमत समितीने आपल्या मनाने त्याच्या दरात मिळवणेही याच कारणाने अमान्य ठरते. तशी तरतूद आधी केलेली नसल्यास निविदा प्रतिसादहीन समजली जाते. तांत्रिक गुणांपुढे कारण आणि निविदेतील पृष्ठक्रमांक लिहिण्याचा आग्रह या ठिकाणी केवळ औपचारिक नाही: क आणि ख यांच्यातील फरक ०.१७ गुणांचा आहे, आणि क चा एक तांत्रिक गुण कमी झाला तरी एकूण ०.३० ने घट होऊन ख पुढे जातो. दर असाधारण कमी असल्यास निविदाकाराकडून लेखी दरविश्लेषण मागवून ते अहवालाला जोडतात. वाटाघाटींबाबत केंद्रीय दक्षता आयोगाचे ३ मार्च २००७ चे परिपत्रक कडक असून, न्यूनतम दराच्या निविदाकाराशीही त्या केवळ अपवादात्मक परिस्थितीत करता येतात.

महाराष्ट्रात राज्य शासनाच्या खरेदीला उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाची १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका लागू झाली. खाजगी विकासक आणि गृहनिर्माण संस्था यांच्यावर वरील शासकीय नियमांचे बंधन नसते. तेथे असा अहवाल बहुधा प्रकल्प सल्लागार तयार करतो.