आज बाबा असायला हवे होते : जे नाही त्याला भूतकाळ का लागतो?

मुलीच्या लग्नात, नव्या घराच्या वास्तुशांतीला कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आज बाबा असायला हवे होते.’ हे वाक्य नीट पाहा. सुरुवातीला ‘आज’ आहे आणि शेवटी ‘होते’ आहे. बोलणारा कालचं काही सांगत नाही. उणीव आत्ताची आहे, हुरहुर आत्ताची आहे, तरी क्रियापद भूतकाळात गेलं. ‘होते’ काढून ‘आज बाबा असायला हवेत’ म्हटलं, तर अर्थच पालटतो. आता बाबा येऊ शकतात, त्यांना बोलावून घ्या, असा निरोप झाला. म्हणजे ‘होते’ इथे वेळ दाखवत नाही, तर ‘हे आता होणे नाही’ एवढंच सांगतं.

हे ध्यानात आलं की इंग्रजीतल्या ‘विश’ आणि ‘इफ ओन्ली’च्या वाक्यांचं कुलूप उघडतं. शाळेत नियम पाठ होतो: आजची खंत असेल तर साधा भूतकाळ, कालची असेल तर ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. पण आजच्या गोष्टीला भूतकाळ का, हे कुणी सांगत नाही. मग बोलताना नियम निसटतो आणि तोंडून ‘आय विश आय हॅव’ बाहेर पडतं.

एक प्रसंग घेऊ. रात्रीचे अकरा वाजलेत, आजोबांना अचानक बरं वाटेनासं झालंय, गाडी दारात उभी आहे, पण घरात असलेल्या नातवाला ती चालवता येत नाही. मे महिन्यात ड्रायव्हिंगचा क्लास लावायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. त्याच्या मनात दोन वेगळ्या खंती आहेत. पहिली आत्ताची: ‘मला गाडी चालवता येत असती तर!’ इंग्रजीत ‘आय विश आय कुड ड्राइव्ह.’ दुसरी मे महिन्याची: ‘मी क्लास लावला असता तर!’ इंग्रजीत ‘आय विश आय हॅड टेकन द क्लास.’

हे बनवायची खात्रीची पद्धत अशी. आधी खरी परिस्थिती साध्या वाक्यात मांडायची. ‘आय कान्ट ड्राइव्ह’ हे आजचं सत्य, ‘आय डिडन्ट टेक द क्लास’ हे मेमधलं. मग नकाराचा होकार (किंवा होकाराचा नकार) करायचा आणि क्रियापद काळात एक पायरी मागे न्यायचं. ‘कान्ट’चं ‘कुड’ झालं. ‘डिडन्ट टेक’ आधीच भूतकाळात होतं, म्हणून ते आणखी मागे सरकून ‘हॅड टेकन’ झालं. स्वतः ‘विश’ मात्र जागचं हलत नाही, कारण खंत वाटते आहे ती आत्ताच.

‘हॅड’ का येतो तेही यातच आहे. भूतकाळाचं रूप ‘हे खरं नाही’ हे सांगण्यात खर्ची पडलं. आता गोष्ट खरोखर मेमध्ये घडायची होती हे सांगायला इंग्रजीकडे काही उरलं नाही, म्हणून आणखी एक भूतकाळ चढवावा लागतो. एक थर अवास्तवाचा, एक थर काळाचा. एकच थर ठेवला तर काय होतं, ते नकारात चटकन दिसतं. काल खाल्लेल्या कोळंबीमुळे पोट बिघडलेला माणूस ‘आय विश आय डिडन्ट ईट प्रॉन्स’ म्हणाला, तर ऐकणाऱ्याला वाटेल की याला कोळंबी खायची सवय आहे आणि ती सोडवत नाही. कालच्या एका जेवणाबद्दल बोलायचं तर ‘हॅडन्ट ईटन’ म्हणायलाच हवं.

आजच्या खंतीतही एक बारकावा आहे. असणं, माहीत असणं, जवळ असणं अशा स्थितीच्या क्रियापदांना साधा भूतकाळ पुरतो: ‘आय विश आय न्यू.’ पण आत्ता चालू असलेल्या क्रियेला तो चालत नाही. आत्ता पाऊस पडत असता तर, हे ‘आय विश इट वॉज रेनिंग’ होतं. ‘आय विश इट रेन्ड’ म्हटलं की इथे एरवीही पाऊस पडत नाही, अशी नेहमीची तक्रार होते. 

भूतकाळाचंच रूप का निवडलं असेल? इंग्रजीपुरता इतिहासाचा धागा सापडतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत कल्पिलेल्या गोष्टींसाठी क्रियापदाची वेगळी रूपं होती. पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले आणि ही रूपं साध्या भूतकाळाच्या रूपांत मिसळून गेली. ‘आय विश ही वेअर हिअर’ यातलं ‘वेअर’ हा त्यांचा जिवंत राहिलेला अवशेष आहे. एरवी ‘ही’ला ‘वॉज’ लागतं, इथे ‘वेअर’ लागतं, कारण हा मुळात तो भूतकाळ नव्हेच. बोलताना ‘वॉज’ सर्रास चालतं, लिहिताना आणि परीक्षेत ‘वेअर’ ठेवावं.

पण झिजलेल्या शेवटांनी सगळा उलगडा होत नाही. फ्रेंचमध्ये आणि ग्रीकमध्येही न घडलेल्या गोष्टीला भूतकाळाची रूपं लागतात, आणि आपल्या ‘हवे होते’मध्येही तेच आहे. साबिने इआत्रिदू या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 2000 साली याचं एक सुरेख उत्तर मांडलं. त्यांच्या मते या रूपाचा गाभ्यातला अर्थ ‘पूर्वी’ असा नाहीच. ‘मी जिथून बोलतोय तिथलं हे नव्हे’ एवढाच तो आहे. हा अर्थ काळाला लावला की ‘आत्ताचं नव्हे’, म्हणजे भूतकाळ. जगाला लावला की ‘या खऱ्या जगातलं नव्हे’, म्हणजे खंत. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक म्हणतात की हा खराच भूतकाळ आहे: मनाने आपण त्या क्षणी परत जातो, जेव्हा दोन्ही वाटा खुल्या होत्या. मेमधल्या क्लासला हे छान लागू पडतं. पण ‘मी उंच असतो तर’ म्हणताना आपण नेमक्या कोणत्या क्षणी परत जातो? म्हणून मला इआत्रिदूंचं म्हणणं जास्त पटतं.

मराठीचं खरं धन मात्र दुसरीकडे आहे. ‘तो घरी असतो’ आणि ‘तो घरी असता तर’. ‘ती असते’ आणि ‘ती असती तर’. एका मात्रेचा, एका वेलांटीचा फरक, आणि गोष्ट खऱ्या जगातून उचलून कल्पनेत जाते. आपल्या व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. ‘मी असतो’सारख्या काही रूपांत हा फरक दिसत नाही, तरी इंग्रजीने जे हरवलं ते आपल्याकडे अजून बरंचसं शाबूत आहे. आणि इंग्रजी बोलताना नेमकं तेच आपल्याला अडवतं.

कसं, ते पाहा. नातू मराठीत म्हणेल, ‘मी क्लास लावला असता, तर आजोबांना घेऊन गेलो असतो.’ दोन्ही अर्ध्यांत ‘असता-असतो’, शिक्का एकच. इंग्रजीत दोन अर्ध्यांना दोन वेगळे शिक्के आहेत. अटीच्या बाजूला भूतकाळ, परिणामाच्या बाजूला ‘वुड’. आपण ‘असतो’ म्हणजे ‘वुड हॅव’ असं एकदा मनात जुळवलं की ते दोन्हीकडे बसवतो आणि ‘इफ आय वुड हॅव टेकन द क्लास’ किंवा ‘आय विश आय वुड हॅव टेकन’ म्हणतो. व्याकरण कच्चं म्हणून हे होत नाही, मराठी पक्की असल्यामुळे होतं. म्हणून तपासायची जागा एकच: जिथे मराठीत ‘तर’ येतो, त्याच्या आधीच्या तुकड्यात आपल्या क्रियेला ‘वुड हॅव’ नको. ‘विश’ आणि ‘इफ ओन्ली’ हे नेहमी या आधीच्याच तुकड्याचे. ‘इफ ओन्ली आय हॅड टेकन द क्लास’ म्हणून थांबलं, तरी वाक्य पुरं होतं, जसं आपण ‘लावला असता तर…’ म्हणून गप्प होतो. शब्दांची अदलाबदल करून ‘ओन्ली इफ’ केलं, की तो मात्र आपला ‘तरच’ झाला.

‘विश’नंतर ‘वुड’ एका ठिकाणी चालतं: समोरच्याने किंवा परिस्थितीने काही करावं आणि ते होत नाही, याचा वैताग असेल तेव्हा. ‘आय विश द अँब्युलन्स वुड कम.’ स्वतःबद्दल ते चालत नाही, तिथे ‘कुड’ येतं. आणि गोष्ट अजून होण्यासारखी असेल, तर ‘विश’ सोडून ‘होप’ घ्यायचं. उद्याच्या परीक्षेला निघालेल्या मुलाला ‘आय होप यू पास’ म्हणावं. ‘आय विश यू पास्ड’ म्हटलं तर तो पास होत नाही हे आपण धरूनच चाललो, असं होतं.

आठवड्याने नातू हा प्रसंग मित्राला सांगेल तेव्हा ‘विश’चं ‘विश्ड’ होईल, पण आतलं क्रियापद हलणार नाही: ‘दॅट नाइट आय विश्ड आय कुड ड्राइव्ह.’ आतल्या वाक्याचं घड्याळ त्या रात्रीच्या अकराला लावलेलं आहे, सांगण्याच्या दिवसाला नाही. ‘दॅट नाइट आय विश्ड आय हॅड टेकन द क्लास’ यातही ‘हॅड’ एकदाच, कारण मे त्या रात्रीच्याही मागे होता.

ऐकताना मात्र एक जागा फसवी आहे. बोलण्यात ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोघेही झिजून एकच ‘ड’ उरतो. ‘आय विश हीड गॉन’ ऐकलं तर पुढे तिसरं रूप आहे, म्हणून तो ‘हॅड’. ‘आय विश हीड गो’ ऐकलं तर मूळ रूप आहे, म्हणून ‘वुड’. पण ‘कम’चं मूळ रूप आणि तिसरं रूप एकच. ‘आय विश हीड कम’ याचे दोन अर्थ होतात: तो आला असता तर बरं झालं असतं, आणि येत का नाही हा एकदाचा! एकात वेळ टळून गेली आहे, दुसऱ्यात माणूस अजून दाराकडे डोळे लावून बसला आहे. कोणता अर्थ घ्यायचा, ते आगेमागेच्या वाक्यांवरूनच कळतं.