लाकडी नमुने आणि छत्रीवाली बाई : डच कंपनीसाठी घडलेल्या चिनी भांड्यांची पार्श्वभूमी

३ जानेवारी १७५२ रोजी ‘गेल्डरमाल्सेन’ हे डच जहाज दक्षिण चिनी समुद्रात एका प्रवाळखडकावर आपटून बुडालं. चीनमधल्या कँटन बंदरातून निघून त्याला जेमतेम पंधरवडा झाला होता. जहाजावर ११२ माणसं होती, त्यातली ३२ वाचली. माल होता चहा, रेशीम, थोडं सोनं आणि पोर्सिलेन, म्हणजे अस्सल चिनीमातीची भांडी. चहा पाण्यात सडून गेला, पण त्याच्याखाली रचलेली भांडी टिकली. १९८५ मध्ये पाणबुड्यांनी ती वर काढली, तेव्हा दीड लाखांवर नग शाबूत निघाले.

भांड्यांपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती त्या मालाची यादी. ती डच ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात जपली गेली आहे. २०३ पेट्यांत सुमारे २ लाख ३९ हजार नग होते. त्यात बशीसह चहाचे ६३,६२३ पेले, जेवणाच्या १४,३१५ सपाट थाळ्या, दुधाच्या ५४८ सुरया, बियरचे ८२१ मग आणि लोण्याची १९५ भांडी अशी मोजणी आहे. ही नावं चीनच्या स्वयंपाकघरातली नाहीत. चिनी माणूस चहात दूध घालत नव्हता, भाकरीला लोणी लावत नव्हता आणि जेवत होता वाडग्यातून, काड्यांनी. म्हणजे ही लाखो भांडी ज्यांनी घडवली, त्यांच्या घरात त्यातल्या बऱ्याचशा वस्तूंना काही कामच नव्हतं. मग ती कशी दिसायला हवीत हे त्यांना कळलं कसं?

यातली उत्तम भांडी बहुतेक सगळी जिंगदेझेन या एकाच गावाची. चीनच्या आतल्या भागात, जिआंगशी प्रांतात हे गाव आहे. बंदर तिथून शेकडो मैल दूर. माल पोयांग सरोवरातून गान नदीत, मग मेइलिंगच्या घाटात हमालांच्या खांद्यावर आणि पुन्हा नदीतून कँटनला पोचायचा. अठराव्या शतकात कोणा युरोपीय व्यापाऱ्याला जिंगदेझेनच्या भट्टीपाशी उभं राहून ‘काठ जरा रुंद करा’ असं सांगता येत नव्हतं. सांगायचं ते मध्यस्थ चिनी व्यापाऱ्याकरवी, आणि शब्दांपेक्षा वस्तू दाखवून.

डचांनी ही युक्ती शंभर वर्षं आधीच शोधली होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी पोर्तुगीजांची जहाजं लुटली. १६०३ मध्ये सिंगापूरजवळ पकडलेल्या ‘सांता कातारिना’वरचा माल ॲमस्टरडॅमला लिलावात विकला गेला आणि तिथल्या श्रीमंतांना या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं वेड लागलं. पण ती भांडी चिनी घाटाची होती. डच जेवणाच्या टेबलावर मीठ-मोहरी काठावर वाढायला जागा लागते, बियर प्यायला मूठ लागते. १६३५ मध्ये तैवानमधल्या डच ठाण्यावरून चिनी व्यापाऱ्यांच्या हाती लाकडाचे नमुने देण्यात आले. मोठी ताटं, वाडगे, बाटल्या, मोहरीची भांडी, मीठदाण्या असं सगळं कातारी लोकांनी लाकडात कातलेलं होतं. त्यांच्यावर चित्रंही काढलेली होती, आणि ती बहुतांश चिनी पद्धतीची. डचांनी आकार स्वतःचा दिला आणि चित्र मात्र चिनी ठेवलं. या जोडीचं महत्त्व कंपनीला पुढे ठेच लागल्यावर कळलं.

आकार लाकडात कातून देणं सोपं, पण तो मातीत उतरवणं अवघड. पोर्सिलेनची माती भाजताना आक्रसते. म्हणून कुंभाराने ओला घडा मुळात मोठा करायचा असतो. किती मोठा, ते मातीच्या अनुभवावरून ठरतं. भट्टी सुमारे १३०० अंशांवर जाते तेव्हा माती किंचित मऊ पडते. गोल वाडगा स्वतःच्या कमानीवर उभा राहतो, पण रुंद सपाट काठाची थाळी त्या वेळी खाली झुकते. मध्यभागही बसका होतो. म्हणजे युरोपीय माणसाला जी थाळी सर्वांत साधी वाटत होती, तीच कुंभाराला जास्त त्रासाची होती. जुनी थाळी सपाट टेबलावर ठेवून डोळा काठाच्या पातळीत आणला, तर काठाची लाट कित्येकदा आजही दिसते.

यातून भाव कसा ठरतो हे फ्रान्स्वा झाव्हिए दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्रीने १७१२ च्या पत्रात लिहून ठेवलं आहे. तो याच प्रदेशात राहत होता आणि जिंगदेझेनच्या कारागिरांत त्याचे ख्रिस्ती अनुयायी होते, त्यामुळे त्याची माहिती आतली आहे. तो सांगतो की युरोपला जाणारा माल नेहमी नव्या आणि बऱ्याचदा विचित्र घाटांचा असतो, तो भट्टीत सहज साधत नाही. थोडा दोष दिसला की व्यापारी नग नाकारतात. नाकारलेला नग कुंभाराच्या गळ्यात पडतो, कारण चिनी गिऱ्हाइकाला तो घाट आवडत नाही. म्हणून स्वीकारलेल्या नगांच्या किमतीत नाकारलेल्यांची किंमत घालावी लागते. हे एक वाक्य समजलं की पुढचं सगळं उलगडतं. परका घाट हा कुंभारासाठी जुगार होता, आणि त्या जुगाराचा भाव तो गिऱ्हाइकाकडून वसूल करत होता.

दांत्रकोलने चित्रकारांबद्दलही लिहिलं आहे. एक माणूस फक्त काठाखालची रेघ ओढतो, दुसरा फुलांची बाह्यरेषा काढतो, तिसरा रंग भरतो. कोणी फक्त पाणी आणि डोंगर काढतो, कोणी फक्त पक्षी. एका भांड्याला सत्तर जणांचे हात लागतात. या रचनेत ओळखीचं चित्र झपाट्याने निघतं, कारण प्रत्येकाचा हात आपल्या रेघेवर बसलेला असतो. अनोळखी चित्र आलं की सगळी साखळी मंदावते.

डच कंपनीने नेमकं तेच केलं. १७३४ मध्ये तिने ॲमस्टरडॅमचा चित्रकार कॉर्नेलिस प्रोंक याला करार करून नेमलं. काम असं की पूर्वेला मागवायच्या भांड्यांसाठी खास चित्रं काढायची. पहिलं चित्र होतं ‘छत्रीवाली बाई’. पाण्याकाठी एक स्त्री उभी आहे, मागे दासीने तिच्यावर छत्री धरली आहे, समोर पाणपक्षी आहेत. हे एवढंच असतं तर कदाचित निभावलं असतं. पण काठाला मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, आणि त्या जाळीत चौकटी करून पुन्हा पक्षी आणि बायका. ॲमस्टरडॅममधल्या माणसाने कल्पनेने काढलेला हा चीन होता. प्रोंकने पुढे आणखी चित्रं दिली, त्यातलं एक वैद्यांच्या बैठकीचं होतं.

चित्रं आधी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला गेली आणि तिथून १७३६ मध्ये चीन आणि जपान दोन्हीकडे. चीनमध्ये ती तीन प्रकारांनी उतरली : निव्वळ निळ्यात, निळ्यावर लाल आणि सोनेरी अशा जपानी वळणाने, आणि गुलाबी छटेच्या रंगीत मिन्यात. तीनही तऱ्हांत चिनी चित्रकाराच्या हाताखाली ती डच कल्पनेतली बाई बरीचशी खरी चिनी झाली. चेहरा, केस, बोटांची ठेवण हे त्याच्या हाताने आपोआप बदललं. जपानमध्ये तर तिने किमोनोच घातला. ज्याला आपण आज बिघडलेली नक्कल म्हणू, तिच्यात मला त्या कारागिरांचं शहाणपण दिसतं. हाताला जे येतं तेच वेगाने आणि न चुकता काढता येतं.

तरी भाव परवडेना. बारीक जाळीच्या काठाला मजुरी फार लागत होती. जपानी कुंभारांचा दर आणखी चढा निघाला. चित्रकाराचा पगार, वर्षा-दोन वर्षांचा पत्रव्यवहार आणि वर हा खर्च. त्यात भांडी विकून मिळणारा नफा बुडत होता. १७४० मध्ये कंपनीने हा प्रयोग बंद केला. संग्रहालयांत आज या भांड्यांना मोठा मान आहे, पण व्यापार म्हणून तो तोट्याचा सौदा होता.

मग कंपनी पुन्हा १६३५ च्या जोडीवर आली. गेल्डरमाल्सेनच्या पेट्या हेच दाखवतात. सपाट रुंद काठाची थाळी, मुठीचा मग, झाकणाचं लोणीपात्र असे घाट डच टेबलासाठी, आणि वर चित्रं पुलावरून जाणारा पंडित, होडी, पाइन वृक्ष, बांबू आणि पिओनीची फुलं यांची. जिंगदेझेनचा कोणताही चित्रकार ती झरझर काढू शकत होता. युरोपीय गिऱ्हाइकालाही चित्रात चीनच हवा होता.

ज्यांना स्वतःचंच काही चितारून हवं होतं, त्यांच्यासाठी वेगळी सोय झाली. युरोपीय सरदार घराणी थाळीवर आपलं कुलचिन्ह मागत. त्यासाठी अठराव्या शतकाच्या मध्याला जिंगदेझेनहून झिलई चढवलेली कोरी पांढरी भांडी कँटनला येऊ लागली आणि चित्रं तिथे, गिऱ्हाइकाच्या नजरेखाली निघू लागली. १७६९ मध्ये विल्यम हिकी या इंग्रजाने कँटनमधल्या अशा एका लांब दालनात शंभरावर माणसं रंगकाम करताना पाहिली. त्यांत म्हातारे होते आणि सहा-सात वर्षांची मुलंही. बंदरात चित्र काढल्याने चुकीचा धोका खूप आटोक्यात आला. पूर्ण भांडं आत गावात रंगवून, महिन्यांनी उघडल्यावर चूक कळण्याचा प्रसंग टळला.

भांडं कुठे रंगवलं हे बोटाने ओळखता येतं. निळा कोबाल्टचा रंग झिलईच्या खाली असतो. तो भाजण्याआधीच काढावा लागतो, म्हणून निळी चित्रं जिंगदेझेनचीच. त्यांवरून बोट फिरवलं तर पृष्ठभाग काचेसारखा सलग लागतो. लाल, हिरवा, गुलाबी, सोनेरी हे रंग झिलईच्या वर लावून पुन्हा कमी आचेवर भाजलेले असतात. बोटाला ते किंचित उंच लागतात आणि वापराने झिजतात. सोनं तर आधी जातं. ते कँटनला रंगवता येत होतं, म्हणून एकाच थाळीवर काठ निळा आणि मध्ये रंगीत कुलचिन्ह दिसलं, तर ती थाळी दोन गावांत रंगवली गेली असण्याची शक्यता धरावी.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनीमातीची म्हणतो, पण ती बरणी जाड, अपारदर्शक, वेगळ्या मातीची असते. पोर्सिलेन पातळ असलं तर उजेडासमोर धरल्यावर मागचं बोट सावलीसारखं दिसतं. गोव्यात पोर्तुगीज जहाजांबरोबर मकावकडून अस्सल चिनी पोर्सिलेन येत राहिलं, आणि चांदोरच्या ब्रागांझा वाड्यात ते आजही पाहायला मिळतं. तिथल्या कपाटांसमोर उभं राहाल तेव्हा काच मध्ये असल्याने बोट लावता येणार नाही. पण तिरप्या उजेडात वरून लावलेल्या रंगाची उंची डोळ्यालाही दिसते, आणि सोन्याच्या रेघेखाली राहिलेला फिकट माग सांगतो की ते भांडं नुसतं मांडून ठेवलं नव्हतं, रोज हाताळलं जात होतं.