टाकीतलं दूध खरंच ६३ अंशांवर आहे का? एलएम३५ प्रोब घेणाऱ्यांसाठी

आमच्या इंदूरच्या दुकानातून तापमान मोजणाऱ्या एलएम३५ चा स्टीलचा प्रोब आणि सोबत आर्डुइनो उनो बोर्ड नेणाऱ्यांत दुधाचं काम करणारे पुष्कळ आहेत. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. प्रोबच्या डब्यात आम्ही ते मुद्दाम ठेवतो, कारण एक चूक पुन्हा पुन्हा समोर येते आणि तिचा दोष दर वेळी प्रोबवर जातो.

गेल्या पावसाळ्यात राजेंद्रनगरकडचे एक डेअरीवाले काका बोर्ड घेऊन आले. म्हणाले, "स्क्रीनवर ६३ येतं, पण काचेचं थर्मामीटर ५९ च्या जरा पुढे थांबतं. तुमचा प्रोब बदलून द्या." छोट्या टाकीत दूध पाश्चराइझ करायचं तर ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवावं लागतं. चार अंश कमी म्हणजे दूध नीट तापलेलंच नाही, आणि स्क्रीन मात्र सांगते की तापलं. त्यामुळे आम्ही बोर्ड तिथेच गरम पाण्याच्या भांड्याशेजारी मांडला आणि प्रोबच्या आउटपुट वायरवर मल्टिमीटर लावला. आकडा आला ०.५९३ व्होल्ट. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे हे ५९.३ अंश झाले. प्रोब खरं बोलत होता. चूक बोर्ड ते व्होल्टेज कशाशी ताडून पाहतो, त्यात होती.

बोर्डातल्या चिपमध्ये १० बिटांचा सक्सेसिव्ह ॲप्रॉक्सिमेशन पद्धतीचा एडीसी आहे, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग. त्याचं काम वाण्याच्या ताजव्यासारखं चालतं. एका पारड्यात सेन्सरचं व्होल्टेज. दुसऱ्यात आधी सगळ्यात जड वजन, म्हणजे ज्याच्याशी ताडून पाहायचं त्या रेफरन्स व्होल्टेजच्या निम्मं. सेन्सरचं पारडं जड राहिलं तर वजन तसंच ठेवायचं, हलकं ठरलं तर काढून घ्यायचं. मग त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं, अशी दहा वजनं. जी ठेवली ती १, जी काढली ती ०, आणि या दहा अंकांचा मिळून एक आकडा. उनोच्या नेहमीच्या सेटिंगवर असं एक मोजमाप सुमारे १०४ मायक्रोसेकंदांत होतं.

आता पाहा, ही सगळी वजनं रेफरन्सपासून कापलेली आहेत. रेफरन्सच हलका निघाला तर प्रत्येक वजन हलकं, आणि माल आहे त्यापेक्षा जास्त भरणार. उनो काही न सांगता आपल्या स्वतःच्या ५ व्होल्टच्या पुरवठ्यालाच रेफरन्स धरतो. काकांचा बोर्ड मोबाइलच्या चार्जरवर, लांब बारीक केबलने चालत होता, आणि बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर प्रत्यक्षात ४.७ व्होल्ट होते. हिशेब असा, N म्हणजे एडीसीचा आकडा, Vin सेन्सरचं व्होल्टेज आणि Vref रेफरन्स:

```
N = Vin x 1024 / Vref
N = 0.593 x 1024 / 4.70 = 129
129 x 5.00 / 1024 = 0.630 V  ->  63.0
```

प्रोग्रॅममध्ये ५.०० लिहिलेलं, खरा रेफरन्स ४.७०. स्क्रीनवरचे ६३ तिथून आले. हीटरचा रिलेही त्याच पुरवठ्यावर असेल तर रिले लागला की आकडा वर उडी मारतो आणि सुटला की खाली येतो. असं दिसलं तर आधी पुरवठाच तपासा.

उपाय चिपमध्येच आहे. तिच्यात सुमारे १.१ व्होल्टचा अंतर्गत रेफरन्स असतो, आणि पुरवठा थोडाफार हलला तरी तो जवळपास जागचा हलत नाही. शिवाय एलएम३५ चं व्होल्टेज लहान असल्यामुळे वजनंही बारीक होतात. ५ व्होल्टवर एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाची. १.१ व्होल्टवर ती १.०७ मिलिव्होल्टची, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाची. बदल्यात कमाल मर्यादा ११० अंशांवर येते. त्यापुढे आकडा १०२३ वर अडकतो, पण दुधाच्या कामात तिथवर जायचंच नाही.

दूध खरोखर ६३ अंशांवर आहे, म्हणजे ०.६३० व्होल्ट, असं धरून वजनं टाकून पाहू. पहिलं ०.५५० व्होल्टचं: ठेवलं. दुसरं घातलं की बेरीज ०.८२५: काढलं. तिसऱ्याने ०.६८८: काढलं. चौथ्याने ०.६१९: ठेवलं. असंच पुढे गेलं की शेवटी ५१२, ६४, ८ आणि २ ही वजनं पारड्यात उरतात. बेरीज ५८६. त्याचं व्होल्टेज ०.६२९५, म्हणजे ६२.९५ अंश. उरलेला फरक एका पायरीपेक्षा कमी आहे.

इथे एक गोष्ट नक्की करा. अंतर्गत रेफरन्स स्थिर असला तरी तो नेमका १.१००च असतो असं नाही. चिपनुसार तो १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. खालचा प्रोग्रॅम चालू करून बोर्डावरच्या `AREF` पिनवर मल्टिमीटर लावा आणि येईल तो आकडा `VREF` मध्ये लिहा. काकांच्या बोर्डावर १.०८७ आला. तिथे १.१ तसाच ठेवला असता तर ६३ अंशांना ६३.७ दिसले असते.

```cpp
const float VREF = 1.087;  // तुमच्या बोर्डावर मोजलेला आकडा

void setup() {
  Serial.begin(9600);
  analogReference(INTERNAL);
  for (int i = 0; i < 10; i++) analogRead(A0);  // सुरुवातीची मापं सोडून द्या
}

void loop() {
  long sum = 0;
  for (int i = 0; i < 16; i++) sum += analogRead(A0);
  float v = (sum / 16.0) * VREF / 1024.0;
  Serial.println(v * 100.0);
  delay(1000);
}
```

`AREF` पिनला बाहेरून कुठलंही व्होल्टेज जोडू नका. अंतर्गत रेफरन्स चालू असताना तसं केलं तर चिप खराब होऊ शकते.

दहाव्या भागाची पायरी मिळाली म्हणून तेवढी अचूकता मिळाली असं समजू नका. पायरी एडीसीची, प्रोबची स्वतःची चूक वेगळी. आमच्या प्रोबमध्ये एलएम३५डीझेड आहे, आणि उत्पादकाच्या मर्यादेनुसार २५ अंशांवर तो दीड अंशापर्यंत चुकू शकतो, वरच्या टोकाला दोन अंशांपर्यंत. म्हणून टाकी सुरू करण्याआधी गरम पाण्यात प्रोब आणि चांगलं काचेचं थर्मामीटर शेजारी शेजारी धरा, पाणी ६३ च्या आसपास असताना दोन्ही आकडे लिहून घ्या आणि जो फरक येईल तो प्रोग्रॅममध्ये वजा किंवा अधिक करा. टाकीत रोज काचेच्या थर्मामीटरने एकदा तपासणंही सोडू नका.

वायर लांबवायची असेल तर एक सांगतो. लांब केबलची कपॅसिटन्स एलएम३५ ला झेपत नाही, तो थरथरायला लागतो आणि आकडा उगाच नाचतो. प्रोबच्या टोकाशी, आउटपुट वायरमध्ये २ किलोओहमचा रेझिस्टर ओळीने जोडा. त्याहून फार मोठा मात्र नको: एडीसी प्रत्येक मोजमापाआधी एक छोटा कपॅसिटर भरून घेतो, आणि सेन्सरच्या बाजूचा रेझिस्टन्स १० किलोओहमपेक्षा मोठा झाला तर तो वेळेत भरत नाही.

तक्रार घेऊन येताना तीन आकडे लिहून आणा: प्रोबच्या आउटपुटवरचं व्होल्टेज, `AREF` वरचं व्होल्टेज आणि त्याच क्षणी स्क्रीनवर काय होतं ते. पहिला आकडा थर्मामीटरशी जुळत नसेल तर प्रोब बदलायचा. तो जुळतो आणि स्क्रीन जुळत नाही, तर बोर्डाचा रेफरन्स पाहायचा, आणि ते काम आम्ही तुमच्यासमोर बसून करून देतो.