संसर्गानंतरची प्रतिपिंडे : आयजीएम, आयजीजी आणि संसर्गाचा काळ

रोगजंतू शरीरात शिरल्यावर रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी, ठरावीक क्रमाने दिसू लागतात. आधी आयजीएम वर्गाची प्रतिपिंडे येतात आणि त्यांच्या मागोमाग आयजीजी वर्गाची. आयजीएम ओसरते, आयजीजी बहुधा टिकून राहते. या क्रमाचा आधार घेऊन रक्तरसाच्या म्हणजे सीरमच्या तपासणीतून संसर्ग नुकता झाला की जुना आहे हे ठरवण्याचा प्रयत्न केला जातो. या तपासणीला सेरॉलॉजी म्हणतात. ‘आयजीएम असेल तर नवा संसर्ग, नुसती आयजीजी असेल तर जुना’ हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो. तो पहिल्या नजरेपुरता ठीक आहे, पण निर्णय फक्त त्याच्यावर सोपवला तर घात होऊ शकतो.

क्रम असा का लागतो, हे प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींच्या कामातून कळते. जंतूला ओळखणारी बी पेशी प्रथम आयजीएमच बनवते. या रेणूत इंग्रजी वाय अक्षरासारखे पाच भाग एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे त्याला जंतूला धरणारे दहा हात मिळतात. एकेका हाताची पकड या टप्प्यावर कच्ची असते, पण दहा हातांमुळे ती निभावून जाते. त्यानंतर लसीका ग्रंथींमध्ये त्याच बी पेशींच्या पिढ्या वाढतात आणि तिथे दोन गोष्टी घडतात. काही पेशी आपल्या डीएनएमधला आयजीएमचा तुकडा कापून टाकतात आणि आयजीजीचा तुकडा जोडून घेतात. जंतूला ओळखणारे टोक तेच राहते, मूठ बदलते. कापलेला तुकडा परत मिळत नाही, म्हणून ती पेशी पुन्हा आयजीएमकडे वळू शकत नाही. दुसरीकडे, ओळखणाऱ्या टोकाच्या जनुकात बारीक बदल होत राहतात आणि ज्यांची पकड जास्त घट्ट, त्या पेशी निवडल्या जातात. ही निवड काही महिने चालते. संसर्गाच्या वयाचा सर्वांत उपयोगी पुरावा याच संथ निवडीतून मिळतो.

रक्तात आयजीएमचा अर्धायुष्यकाल साधारण 5 दिवसांचा आहे, आयजीजीचा सुमारे 3 आठवड्यांचा. आयजीजीचे रेणू पेशींमध्ये ओढले गेले, तरी एक खास ग्राही त्यांना विघटनापासून वाचवून पुन्हा रक्तात सोडतो, म्हणून ते जास्त टिकतात. तरीही आयजीजी वर्षानुवर्षे सापडते याचे श्रेय रेणूच्या टिकाऊपणाला देता येत नाही. दर 3 आठवड्यांनी निम्मी होत गेलेली आयजीजी वर्षभरात सुमारे 17 वेळा निम्मी होईल आणि मूळ पातळीच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी उरेल. ती टिकते, कारण अस्थिमज्जेत जाऊन बसलेल्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी ती सतत बनवत असतात.

संसर्गाचा दिवस लक्षणांवरून कळत असेल, तर या सगळ्याची फारशी गरज पडत नाही. खरी कसोटी लागते ती संसर्ग गुपचूप होतो आणि तारीख मात्र महत्त्वाची असते तेव्हा. गरोदरपणातला टॉक्सोप्लाझ्मा हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशी परजीवी कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून, तसेच मांजराच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून वा पाण्यातून येतो. बहुतेक निरोगी प्रौढांना त्याचा पत्ताही लागत नाही. गरोदरपणाआधी संसर्ग होऊन गेलेला असेल आणि स्त्रीची प्रतिकारशक्ती शाबूत असेल, तर गर्भाला सहसा धोका नसतो. पहिला संसर्ग गरोदरपणातच झाला, तर परजीवी वारेतून गर्भापर्यंत पोचू शकतो. सुरुवातीच्या महिन्यांत तो कमी वेळा पोचतो, पण पोचल्यास हानी जास्त करतो. शेवटच्या महिन्यांत याच्या उलट घडते. म्हणजे ‘संसर्ग आहे का’ यापेक्षा ‘कधी झाला’ हा प्रश्न मोठा ठरतो, आणि त्याचे उत्तर देणारी घड्याळासारखी वस्तू फक्त रक्तरसात असते.

इथे आयजीएम दगा देते. टॉक्सोप्लाझ्मात ती साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसते आणि पुढे ओसरते, पण कित्येकांत ती वर्षभराहून अधिक काळही सापडत राहते. आजच्या तपासण्या इतक्या संवेदनशील आहेत की उरलेली थोडी आयजीएमही त्या पकडतात. यात खोट्या सकारात्मक निकालांची भर पडते. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर नावाचे प्रतिपिंड स्वतः आयजीएम वर्गाचे असते आणि ते आयजीजीला चिकटते. प्रतिपिंडे जंतूच्या ज्या भागाला धरतात त्याला प्रतिजन म्हणतात. या प्रतिजनावर बसलेल्या आयजीजीवर ते स्वार झाले, की तपासणीला जंतूविरोधी आयजीएमच सापडल्यासारखे वाटते. हे टाळण्यासाठी तपासणीच्या तबकडीवर आधी नमुन्यातली सगळी आयजीएम पकडून ठेवतात आणि मग तिच्यापैकी कोणती जंतूच्या प्रतिजनाला धरते ते पाहतात. त्याने चुका कमी होतात, पण रेंगाळणाऱ्या आयजीएमचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण ती खरीच असते. 1997 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना लेखी इशारा दिला, की केवळ टॉक्सोप्लाझ्माच्या आयजीएम किटच्या निकालावरून गरोदर स्त्रीला नवा संसर्ग झाला असे ठरवू नये. एका कागदी निकालावरून गर्भपाताचा निर्णय घेतला जाण्याची भीती त्यामागे होती, आणि ती अनाठायी नव्हती.

वाट सापडली ती आयजीजीच्या पकडीतून. पहिल्या आठवड्यांतली आयजीजी जंतूच्या प्रतिजनाला सैल धरते, काही महिन्यांनंतरची घट्ट. या पकडीला अ‍ॅव्हिडिटी म्हणतात. फिनलंडमधील के. हेडमन आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये टॉक्सोप्लाझ्माच्या नव्या संसर्गात आयजीजीची अ‍ॅव्हिडिटी कमी असते हे दाखवले. पद्धत अगदी सोपी आहे. एलायझा या तपासणीत रंगाच्या गडदपणावरून प्रतिपिंडे मोजतात. एकाच नमुन्याची एलायझा दोन खाचांत करतात. दोन्हीकडे आयजीजी प्रतिजनाला चिकटू देतात, मग एक खाच साध्या द्रावणाने धुतात आणि दुसरी युरियाच्या तीव्र द्रावणाने. युरिया सैल पकड सोडवतो, घट्ट पकडीचे त्याच्यापुढे फारसे बिघडत नाही. पुढे रंग आल्यावर दोन्ही वाचनांचे गुणोत्तर काढतात.

एक प्रसंग तपशिलात पाहू. 10 आठवड्यांच्या गरोदर स्त्रीची तपासणी झाली आणि आयजीजी व आयजीएम दोन्ही सकारात्मक आल्या. तिला ताप आल्याचे वा गाठी सुजल्याचे आठवत नाही. साधा नियम लावला तर ‘नुकता संसर्ग’ असे निदान होईल आणि घरात हाहाकार उडेल. प्रयोगशाळेने त्याच नमुन्याची अ‍ॅव्हिडिटी पाहिली. साध्या धुण्यानंतर वाचन 1.20 आले, युरियाने धुतल्यावर 0.72. गुणोत्तर 60 टक्के. समजा, या किटच्या माहितीपत्रकात 30 टक्क्यांच्या वरची अ‍ॅव्हिडिटी उच्च मानली आहे आणि उच्च अ‍ॅव्हिडिटीचा अर्थ ‘गेल्या 4 महिन्यांत पहिला संसर्ग झालेला नाही’ असा दिला आहे. 4 महिने म्हणजे सुमारे 16 आठवडे. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. तेव्हा संसर्ग शेवटच्या पाळीच्याही किमान 6 आठवडे आधी झालेला असणार. गर्भधारणा त्यानंतरची. आयजीएम ही रेंगाळलेली आयजीएम ठरते आणि भीतीचे कारण उरत नाही.

हाच निकाल 24 व्या आठवड्यात घेतलेल्या नमुन्यावर आला असता तर? 24 मधून 16 वजा केले की 8 उरतात. संसर्ग 8 व्या आठवड्याच्या आधीचा आहे एवढेच सांगता येईल. तो गर्भधारणेपूर्वीचा की गर्भधारणेनंतरच्या पहिल्या आठवड्यांतला, हे कळायला मार्ग नाही. रक्तातली स्थिती तीच, उत्तर मात्र वेगळे. म्हणून ही तपासणी जितकी लवकर होईल तितकी ती कामाची ठरते. पहिल्या तीन महिन्यांत घेतलेला नमुना गोठवून ठेवलेला असेल, तर उशिरा शंका आली तरी तोच बाहेर काढून तपासणे सर्वांत शहाणपणाचे.

अ‍ॅव्हिडिटी एकाच दिशेने बोलते, हे विसरले की पुन्हा फसगत होते. उच्च अ‍ॅव्हिडिटी नवा संसर्ग नाकारते, पण कमी अ‍ॅव्हिडिटी नवा संसर्ग सिद्ध करत नाही. काहींच्या आयजीजीची पकड वर्षभरानंतरही सैलच राहते, आणि औषधोपचाराने ती घट्ट होण्याचा वेग मंदावू शकतो. कमी अ‍ॅव्हिडिटी आल्यास दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यावा लागतो. त्यात आयजीजीची पातळी वाढत असेल तर संसर्ग ताजा आहे. स्थिर असेल तर चढती अवस्था संपलेली आहे.

जोडनमुन्यांची ही तुलना सेरॉलॉजीतली जुनी आणि अजूनही भरवशाची रीत आहे, पण ती नीट करावी लागते. दोन नमुने वेगवेगळ्या दिवशी तपासून आकड्यांची तुलना केली तर तपासणीतला दैनंदिन फरकच वाढ म्हणून वाचला जातो. पहिला नमुना जपून ठेवावा आणि दोन्ही एकाच वेळी, एकाच तबकडीवर तपासावेत. विरळण पद्धतीत नमुना दर नळीला निम्मा पातळ करत जातात आणि प्रतिपिंडे कोणत्या नळीपर्यंत दिसतात ते पाहतात. तिथे एका नळीचा फरक, म्हणजे 1:64 ऐवजी 1:128, हाताच्या चुकीनेही पडतो. 1:64 वरून 1:256, म्हणजे दोन नळ्यांची, चौपट वाढ झाली तरच ती खरी मानतात.

आयजीएम सकारात्मक आणि आयजीजी नकारात्मक आली, तर दोनच शक्यता उरतात : संसर्ग अगदी आताचा आहे, किंवा आयजीएम खोटी आहे. दोन-तीन आठवड्यांनी आयजीजी उगवली तर पहिली खरी. तेव्हाही नसेल तर आयजीएमचा निकाल चुकीचा धरावा. दोन्ही नकारात्मक असतील, तर त्या स्त्रीला आजवर संसर्ग झालेला नाही आणि पुढे होऊ शकतो. काळजी खरे तर हिलाच जास्त घ्यायची असते, पण नकारात्मक निकाल पाहून ती निर्धास्त होते.

नवजात बाळाच्या रक्तात गणित बदलते. आयजीजी वारेतून आईकडून बाळाकडे जाते, आयजीएमचा मोठा रेणू जात नाही. बाळाची आयजीजी आईची उसनी असू शकते. जंतूविरोधी आयजीएम मात्र बाळानेच बनवलेली असते, अट एवढीच की प्रसूतीच्या वेळी आईचे रक्त मिसळलेले नसावे. आईची आयजीजी विरत जाते, म्हणून पहिल्या वाढदिवसानंतरही टॉक्सोप्लाझ्माची आयजीजी टिकून राहिली तर बाळाला जन्मजात संसर्ग झाल्याचे पक्के होते.

वर सांगितलेला क्रम पहिल्या संसर्गाचा आहे. डेंगीसारख्या आजारात त्याच विषाणूच्या दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाला, की आधीच्या वेळच्या स्मृतिपेशी जाग्या होतात आणि आयजीजी आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांतच झपाट्याने वर जाते. आयजीएम कमी येते, कधी येतच नाही. अशा रुग्णात आयजीएम नकारात्मक आणि आयजीजी भरपूर पाहून ‘जुना संसर्ग, आताचा ताप वेगळ्याच कशाचा तरी’ असे म्हटले, तर चालू आजारच नजरेतून सुटतो. तिथे पहिल्या दिवसांत विषाणूचे एनएस१ प्रथिन किंवा जनुकद्रव्य शोधावे लागते.